‘ती’ म्हणजे कोणती?



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी जबलपुरात जमतो, त्यांच्या हाताखाली मी सातवीत मराठी शिकलो. निबंधाची वही परत आली की तिच्यात प्रत्येक सर्वनामाच्या डोक्यावर लाल शाईने एक नाम लिहिलेलं असे. ‘तो’वर ‘घोडा’, ‘ती’वर ‘नदी’, ‘त्यांनी’वर ‘गावकऱ्यांनी’. जिथे त्यांना नाम सापडत नसे, तिथे लाल प्रश्नचिन्ह असे आणि अर्धा गुण गेलेला असे. आज मी त्या लाल शाईबद्दलच बोलणार आहे. त्यातही माझा विषय फक्त विनंतीतल्या सर्वनामांपुरता आहे. गोष्टीतला ‘तो’ चुकीचा लागला तर वाचक मागे जाऊन पुन्हा वाचतो. ‘ते दे’, ‘ती ठेव’, ‘त्यांना सांग’ यांतलं सर्वनाम चुकीचं लागलं तर हात चुकीचं काम करून मोकळा होतो.

माझ्या हातून लिहिली गेलेली एक चिठ्ठी तुम्हाला वाचून दाखवतो. मी पहाटेच्या गाडीने कटनीला निघालो होतो. सुटीला आलेला भाचा संध्याकाळी नागपूरला परतणार होता. त्याच्यासाठी टेबलावर हे ठेवून गेलो:

“कपाटात रुमालात बांधलेला डबा आहे. त्यातली किल्ली घे आणि पलंगाखालची पेटी उघड. तिच्यात औषधाचं पुडकं आहे, ते शेजारच्या काकूंना नेऊन दे. त्यांच्याकडून लाइटबिलाची पावती घे. ती डब्यात ठेव आणि तो होता तिथे ठेव.”

भाच्याने सगळं मनापासून केलं. पुडकं काकूंना पोचलं, पेटीला पुन्हा कुलूप लागलं, पावती डब्यात गेली, डबा रुमालात बांधून कपाटात गेला. किल्ली त्याच्या खिशातून नागपूरला गेली. मला ‘ती’ म्हणजे किल्ली म्हणायची होती. पेटीत बँकेचे कागद होते, ते चार दिवसांत लागणार होते, आणि शेवटी कुलूपवाल्याला बोलावून कुलूप तोडावं लागलं.

त्या पाच ओळींत सहा सर्वनामं आहेत: त्यातली, तिच्यात, ते, त्यांच्याकडून, ती, तो. पाच बरोबर लागली, एक चुकलं. पाच का लागली हे आधी पाहू, म्हणजे उरलेलं एक का चुकलं ते कळेल.

मराठीने आपल्या हाती एक चांगली चाळणी दिलेली आहे, ती लिंगाची. डबा तो, किल्ली ती, पुडकं ते. निर्जीव वस्तूंनाही आपण तीन घरांत वाटून ठेवलं आहे, त्यामुळे ‘ते नेऊन दे’ असं म्हटलं की डबा, पेटी आणि किल्ली तिन्ही आपोआप गळतात. उरतात औषध आणि पुडकं. इंग्रजीत या चारही वस्तूंना एकच ‘इट’. हिंदीत वस्तूंना लिंग आहे, पण ‘वह’ आणि ‘उसे’ या शब्दांत ते दिसत नाही. ‘उसे दे देना’ यातून पेटी की डबा हे कळायला दुसरा काही आधार शोधावा लागतो. भेडाघाटला संगमरवरी वस्तूंच्या दुकानात ‘वह दिखाइए’ म्हटलं तर दुकानदार तुमच्या बोटाकडे बघतो. तोच दुकानदार मराठी असता आणि तुम्ही ‘ती दाखवा’ म्हणाला असता, तर शेजारी ठेवलेला हत्ती त्याने उचललाच नसता, मूर्ती उचलली असती.

मात्र या चाळणीला भोकं आहेत, आणि ती कुठे आहेत हे माहीत असायला हवं.

पहिलं भोक विभक्तीत आहे. ‘तो’ आणि ‘ते’ हे प्रथमेत वेगळे दिसतात, पण प्रत्यय लागला की दोघांचंही ‘त्या’ होतं. त्याला, त्यात, त्याच्यावर. ‘त्यातली किल्ली’ या शब्दांत कपाट, रुमाल आणि डबा तिघेही बसतात. शिवाय रोजच्या बोलण्यात ‘तीत’ हा शब्द जवळपास मेला आहे, ‘तिच्यात’ही मागे पडतो आहे, आणि पेटीबद्दल बोलतानाही पुष्कळ जण सरसकट ‘त्यात’ म्हणतात. म्हणजे तिथे चाळणी उरतच नाही.

दुसरं भोक अनेकवचनात. ‘ते’ म्हणजे एक पुस्तक, किंवा बरेच डबे, किंवा आदराने एक गृहस्थ. ‘ती’ म्हणजे एक वही, किंवा बरीच पुस्तकं.

तिसरं भोक मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते विनंतीतच पडतं. मराठीत झालेली गोष्ट सांगताना क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं: डबा ठेवला, किल्ली ठेवली, पुडकं ठेवलं. सर्वनाम गाळलं तरी क्रियापद साक्ष देतं. आज्ञार्थात ही साक्ष नाहीशी होते. डबा ठेव, किल्ली ठेव, पुडकं ठेव, सगळीकडे ‘ठेव’ तसाच. म्हणजे काम सांगताना लिंगाचा सगळा भार एकट्या सर्वनामावर पडतो. आणि आपण पुष्कळदा तेही गाळतो: ‘घेऊन ये’, ‘देऊन टाक’, ‘ठेवून दे’. ऐकणाऱ्याला मग काहीच आधार राहत नाही.

आता चिठ्ठीकडे परत येऊ. ‘त्यातली’ शब्दात तीन उमेदवार होते आणि चाळणीने एकही गाळला नाही, तरी भाचा अडला नाही. कारण डबा रुमालात होता आणि रुमाल कपाटात. तिघांपैकी कुठेही हात घातला तरी शेवटी त्याच किल्लीवर बोट पडतं. ‘ते नेऊन दे’मध्ये औषध म्हणा की पुडकं म्हणा, उचलायची वस्तू एकच. ‘तिच्यात’ला किल्ली आणि पेटी अशा दोन स्त्रीलिंगी वस्तू होत्या, पण किल्लीच्या आत काही ठेवता येत नाही. तिथे लिंगाने नाही, वस्तूच्या स्वभावाने निकाल दिला.

यावरून सर्वनाम तपासण्याची एक सोपी रीत हाती येते. सर्वनामाच्या जागी प्रत्येक उमेदवार बसवून पाहायचा आणि विचारायचं, हा बसवला तर हात वेगळं काही करील का? वेगळं करणार नसेल तर संदिग्धता कागदावरच राहते, तिची काळजी करू नये. वेगळं करणार असेल, आणि दोन्ही कामं करण्यासारखी असतील, तर तिथे थांबावं. ‘ती डब्यात ठेव’ हे वाक्य नेमकं तसलं आहे. पावती डब्यात ठेवता येते. किल्लीही डब्यात ठेवता येते. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही भाच्याच्या हातात, दोन्ही जपून ठेवण्याच्या.

मग भाच्याने पावती का निवडली? त्याने नजीकचं नाम घेतलं, एवढंच म्हणून मी थांबणार नाही. ‘जवळचं नाम घ्या’ हा नियम अर्धवट आहे. ‘काकूंनी वहिनींना बोलावलं, पण त्या घरी नव्हत्या’ यात त्या म्हणजे वहिनी. ‘काकूंनी वहिनींना बोलावलं, कारण त्यांना एकटं वाटत होतं’ यात त्या म्हणजे काकू. नामांचा क्रम तोच, अंतरही तेच. ‘पण’च्या जागी ‘कारण’ आलं, पुढची गोष्ट बदलली आणि सर्वनामाने तोंड फिरवलं.

या प्रश्नावर गेल्या शतकात यंत्राला भाषा शिकवू पाहणाऱ्यांनी बराच घाम गाळला. जेरी हॉब्ज यांनी १९७८ साली एक रीत मांडली. वाक्याची रचना उलगडायची, ठरावीक क्रमाने मागे जायचं, आणि लिंग-वचन जुळणारं पहिलं नाम घ्यायचं. अर्थाचा विचारच करायचा नाही. तीन वेगवेगळ्या छापील मजकुरांतली तीनशे सर्वनामं त्यांनी हाताने तपासली, तर शंभरात अठ्ठ्याऐंशी बरोबर लागली. एवढ्या आंधळ्या रीतीला एवढं यश, हे वाचून मी चकित झालो होतो. पण उरलेल्या बारांचं काय? माझ्या चिठ्ठीत सहांतलं एकच चुकलं होतं, आणि कुलूप त्या एकानेच तोडायला लावलं.

उरलेल्या बारांकडे ज्यांनी वेगळ्या दिशेने पाहिलं, त्यांत एक नाव आपल्या जवळचं आहे. अरविंद जोशी. जन्म १९२९, पुणे. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आयुष्यभर अध्यापन. २०१७ च्या अखेरीस निधन. बार्बरा ग्रोझ आणि स्कॉट वाइनस्टीन यांच्याबरोबर त्यांनी जो विचार मांडला, तो मी घरगुती भाषेत सांगतो. बोलणं चालू असतं तेव्हा प्रत्येक वाक्याच्या मध्यभागी एक वस्तू किंवा व्यक्ती बसलेली असते. पुढच्या वाक्यात एकच सर्वनाम असेल तर ते त्या मध्यभागी बसलेल्यालाच मिळतं. मध्यभागी दुसऱ्या कोणाला आणायचं असेल तर त्याला नावाने हाक मारून आणावं लागतं. नाव न घेता आणलं तर ऐकणारा जुन्यालाच धरून बसतो. माझ्या चिठ्ठीत किल्ली दुसऱ्या वाक्यात मध्यभागी आली आणि लगेच उठून गेली. मग पेटी आली, मग पुडकं, मग काकू, मग पावती. शेवटच्या ओळीला मध्यभागी पावती बसलेली होती आणि मी किल्लीला नाव न घेता खुणावलं. या हिशेबाने भाचा शंभर टक्के बरोबर होता.

पण मग मला लिहिताना ‘ती’ म्हणजे किल्लीच, यात शंका का वाटली नाही? त्याचं उत्तर ग्रोझबाईंच्या आधीच्या अभ्यासात आहे. सत्तरच्या दशकात त्यांनी एक प्रयोग अभ्यासला होता. एक माणूस हवा दाबण्याचं यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, जोडतो आहे आणि दुसरा जाणकार त्याला दुरून एकेक पायरी सांगतो आहे. त्या संभाषणांत त्यांना असं आढळलं की पुष्कळ वेळ आधी उल्लेख झालेल्या कॉम्प्रेसरसाठी मध्येच नुसतं सर्वनाम येतं, आणि ऐकणाऱ्याला ते कळतंही. मधल्या वेळात स्क्रू, पाने, पट्टे यांची कितीतरी नावं येऊन गेलेली असतात. तरी सर्वनाम त्या सगळ्यांवरून उडी मारून मूळ यंत्राला जाऊन चिकटतं. कारण स्क्रू बसवण्याचं पोटकाम संपलेलं असतं. पोटकाम संपलं की त्याच्याबरोबर त्यातल्या वस्तूही बाजूला सरकतात आणि मोठं काम पुन्हा समोर येतं.

माझ्या डोक्यात मोठं काम होतं ‘पेटी उघडून पुन्हा बंद करणं’. पुडकं, काकू, पावती हे मला मधलं पोटकाम वाटत होतं. ते संपलं, आता किल्ली जिथली तिथे. डब्यातून निघालेली वस्तू डब्यात परत जाणार, हे मला इतकं उघड होतं की नाव लिहायची गरज भासली नाही. भाच्याच्या डोक्यात मोठं काम नव्हतंच. त्याला सहा सुटी कामं दिसत होती, एकाखाली एक. पेटी पुन्हा बंद कर, असं मी लिहिलेलंही नव्हतं. ज्याला कामाची अखेर माहीत आहे तो सर्वनाम अखेरीकडून लावतो. ज्याला माहीत नाही तो ओळीवरून लावतो. काम सांगणारा आणि काम करणारा यांच्यात हा फरक नेहमीच असतो.

आता जबलपूरकडे येतो. इथे आपल्या चाळणीला एक चौथं भोक आहे, ते पुण्या-नाशकात नाही.

आपल्या मुलांचं मराठी घरात असतं आणि दिवसाचे दहा तास हिंदीत जातात. शब्द दोन्ही भाषांत सारखा असला की त्याचं लिंग हिंदीतून येतं. मराठीत पुस्तक ते, हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. मराठीत आवाज तो, हिंदीत आवाज स्त्रीलिंगी. मराठीत दुकान ते, हिंदीत तेही स्त्रीलिंगी. चहा आपला पुल्लिंगी, चाय त्यांची स्त्रीलिंगी, म्हणून आपल्याकडची मुलं ‘चहा झाली का’ विचारतात. मी हे कोणाला नावं ठेवायला सांगत नाही. सदर आणि राइट टाउनमधल्या मराठी घरांतून मी स्वतः वाढलो आहे, आणि ‘ती पुस्तक’ माझ्याही तोंडून गेलेलं आहे. सांगायचं आहे ते वेगळं.

आजी म्हणते, “टेबलावर पुस्तक आणि वही आहे. ती काकांना दे.” नातू काय नेईल? आजीच्या मराठीत ‘ती’चे दोन अर्थ होतात. एक, वही. दोन, दोन्ही वस्तू, कारण वेगवेगळ्या लिंगांची नामं एकत्र आली की त्यांच्यासाठी नपुंसकलिंगी अनेकवचन चालतं, आणि तेही ‘ती’च असतं. नातवाच्या मराठीत तिसरा अर्थ उघडतो: पुस्तकही ‘ती’च आहे. म्हणजे एका अक्षरात वही, किंवा पुस्तक, किंवा दोन्ही. आजीला वाटतं आपण नेमकं बोललो. नातवालाही वाटतं आपण नेमकं ऐकलं. चुकलं तर दोघंही एकमेकांना वेंधळे म्हणतात, आणि चूक कुठे झाली हे कोणालाच दिसत नाही, कारण दोघांनीही तोच शब्द वापरलेला असतो.

‘ती दोन्ही’ किंवा ‘ती वही’ म्हटलं की प्रश्न मिटतो. एक जास्तीचा शब्द पुरतो. हिंदीभाषक शेजारणी काम सांगताना नाम पुन्हा घेतात, ‘कॉपी दे देना, किताब रहने देना’, असं मी पुष्कळ ऐकलं आहे. त्यांच्या सर्वनामात चाळणी नसल्यामुळे त्या तिच्यावर विसंबत नाहीत, असं मला वाटतं. आपण विसंबतो, आणि जबलपुरात ती फाटलेली आहे.

माणसांच्या बाबतीत तर आदरामुळे आणखी अडचण येते. वस्तूला ‘तिला’ आणि ‘त्याला’ असा निदान एक भेद उरतो. आदरार्थी बोललं की तोही जातो: काका, काकू, आजोबा, डॉक्टरीणबाई, सगळे ‘त्यांना’. “काका-काकू दुपारच्या गाडीने येताहेत. आजोबांना विचार आणि त्यांना घेऊन ये.” नवखा मुलगा आजोबांना रिक्षात घालून स्टेशनवर नेऊ शकतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्यात जुन्या घरांतला नवऱ्याचं नाव न घेण्याचा रिवाज मिसळला की ‘ह्यांना विचार आणि त्यांना सांग’ असं वाक्य तयार होतं. ते घरातल्याच माणसाला कळतं, बाहेरच्याला नाही.

ते घरातल्याला का कळतं, याचं फार नेमकं उत्तर आपल्या जुन्या शास्त्रात आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट होऊन गेला. त्याच्या ‘काव्यप्रकाशा’त काव्यदोषांची चर्चा करताना तो सांगतो की ‘तत्’ हा शब्द, म्हणजे आपला ‘तो-ती-ते’, तीन प्रकारच्या अर्थांसाठी ‘जो’च्या आधाराशिवाय उभा राहू शकतो. प्रक्रान्त, म्हणजे बोलण्यात आधी आलेला. प्रसिद्ध, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेला. आणि अनुभूत, म्हणजे आपण भोगलेला, मनात असलेला. मम्मट कवितेबद्दल बोलत होता, पण स्वयंपाकघरातल्या विनंतीलाही हे तीन कप्पे तंतोतंत लागू पडतात. सर्वनामाचं नाम शोधायचं तर याच तीन ठिकाणी शोधावं लागतं.

‘किल्ली घे आणि ती दे’ हे प्रक्रान्त. बोलण्यातच आहे, मागे वळून पाहिलं की सापडतं. ‘आज त्या घाटावर गर्दी असेल, लवकर निघा’ असं संक्रांतीला जबलपुरात कोणी म्हटलं तर तो ग्वारीघाट, हे सांगावं लागत नाही. ते प्रसिद्ध. आणि बायको दारातच विचारते, ‘ते आणलंत का?’ आधी बोलणं झालेलं नाही, गावाला माहीत नाही, पण त्या दोघांना माहीत आहे. ते अनुभूत.

यातला तिसरा कप्पा विनंतीत सगळ्यांत जास्त वापरला जातो आणि सगळ्यांत लवकर फुटतो. तो फुटतो निरोपात. बायको शेजारच्या मुलाला सांगते, ‘काकांना म्हणावं, ते येताना आणा.’ मुलगा निरोप अक्षरशः पोचवतो. नवऱ्याला कळलं तर कळलं, पण वाटेत त्याने ‘ते म्हणजे काय?’ म्हणून विचारलं तर मुलाकडे उत्तर नसतं. निरोप्या शब्द नेऊ शकतो, आठवण नेऊ शकत नाही. चिठ्ठीही निरोप्याच आहे. फोनवरचा लिहिलेला संदेशही निरोप्याच, आणि त्याला बोटाने दाखवताही येत नाही. म्हणून समोरासमोर चालणारा ‘ते’ कागदावर उतरवताना त्याच्याबरोबर नाम उतरवायलाच हवं.

औषधाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगतो. ‘रक्तदाबाची गोळी संपली, ती घेऊन ये’ यातली ‘ती’ ही संपलेली गोळी नसते. संपलेली वस्तू आणता येत नाही. ती त्या जातीची दुसरी गोळी असते. मराठीत यासाठी ‘तसलीच’, ‘तीच’ असे शब्द आहेत, पण जात कुठपर्यंत तीच, हे त्या शब्दांतही नाही. तेच नाव पण दुप्पट मात्रा, ही तीच गोळी का? दुकानात उभ्या असलेल्या मुलाला हे ठरवायला लावू नये. रिकामी पट्टी त्याच्या हातात द्यावी. तिच्यावर नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही छापलेले असतात.

जुन्या कारकुनांना हा धोका माहीत होता. जबलपूर एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होतं आणि १८१७-१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. त्या काळच्या मोडी कागदांत नुसत्या ‘तो’वर कारभार चालत नसे. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर उल्लेखिलेलं गाव. ‘साल मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं वर्ष. ‘सदरहू’ रक्कम. आणि माणसासाठी माझा आवडता शब्द, ‘मशारनिल्हे’. मूळ अरबी आहे, अर्थ ‘ज्याच्याकडे निर्देश केला आहे तो’. एका अर्थी हे सर्वनामच, पण त्याला दोन कुंपणं घातलेली आहेत. ते फक्त वर कागदात आलेल्याकडेच जाऊ शकतं, म्हणजे केवळ प्रक्रान्त, आठवणीतल्याकडे नाही. आणि ‘मजकूर’ तर नामाला सोडून फिरतच नाही, ‘गाव’ किंवा ‘साल’ त्याच्या शेजारी असावंच लागतं. १९५६ पासून हायकोर्ट आपल्या शहरात आहे. तिथल्या अर्जांतही तुम्हाला हेच दिसेल. अर्जदार क्रमांक एक, गैरअर्जदार क्रमांक दोन, उक्त जमीन, उक्त आदेश. वाचायला कंटाळवाणं, पण शेवटी प्रार्थनेत जे मागितलं आहे ते कोणाविरुद्ध आणि कशाबद्दल, यावर दोन पक्षांत वाद होऊ नये म्हणून तो कंटाळा पत्करलेला असतो. घरच्या चिठ्ठीत ‘मशारनिल्हे’ लिहा असं मी म्हणत नाही. ‘ती किल्ली’, ‘ते पुडकं’ असं सर्वनामाच्या शेजारी नाम ठेवावं, एवढंच त्या कारकुनाकडून घ्यावं.

हे झालं सांगणाऱ्याचं. ऐकणाऱ्याने काय करावं?

ऐकणाऱ्याकडे एक साधन आहे, ते मी मघाशी सांगितलेल्या व्याकरणातूनच येतं. आज्ञेत क्रियापद लिंग लपवतं, पण प्रश्नार्थक शब्द आणि झालेल्या कामाचं क्रियापद ते उघड करतात. ‘कोणता?’, ‘कोणती?’, ‘कोणतं?’ विचारलं की निम्मे उमेदवार तिथेच गळतात. काम झाल्यावर ‘ठेवली बरं का’ म्हटलं की सांगणाऱ्याला कळतं की स्त्रीलिंगी काहीतरी ठेवलं गेलं. पण लक्षात घ्या, एवढ्याने माझी किल्ली वाचली नसती. भाच्याने मला फोन करून ‘मामा, ती ठेवली डब्यात’ असं सांगितलंच होतं, आणि मी ‘छान’ म्हणालो होतो. दोन्ही वस्तू स्त्रीलिंगी असल्या की लिंगाची साक्ष निरुपयोगी ठरते. माणसांच्या बाबतीत ती तशीही मिळत नाही, कारण ‘ला’ लागलं की क्रियापद नपुंसकलिंगी होऊन बसतं: काकांना बोलावलं, काकूंना बोलावलं, मुलीला बोलावलं.

म्हणून खात्रीची रीत एकच, नाम परत बोलून दाखवणं. टेरी विनोग्राड यांनी १९६८ ते ७० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत एक प्रोग्रॅम तयार केला होता. तो पडद्यावरचे ठोकळे हलवत असे. त्याला कोणी सर्वनाम वापरून ठोकळा उचलायला सांगितला आणि दोन ठोकळे संभवले, तर तो आपल्याला वाटलेला ठोकळा उचलण्याआधी कोणता ठोकळा गृहीत धरला ते शब्दांत सांगत असे. सगळ्या ठोकळ्यांचं ते जग एका टेबलाएवढं होतं, आणि त्यापलीकडचं त्याला काही कळत नव्हतं. पण ही एक सवय त्याच्या कर्त्याने त्याला अचूक लावली होती. ‘पावती डब्यात ठेवतो’ एवढं भाच्याने फोनवर म्हटलं असतं, तर ‘अरे नाही, किल्ली’ हे माझ्या तोंडून आपोआप आलं असतं. आपली मुलं मोठ्यांना उलट विचारायला कचरतात. ‘सांगितलं ते कर’ हे ऐकून वाढलेली असतात. त्यांना विचारायला जमत नसेल तर निदान नाम घेऊन ‘करतो’ म्हणायला शिकवा. त्यात उलट बोलणं नाही.

आणि लिहिणाऱ्यांना माझी मास्तरांच्या रीतीची विनंती आहे. चिठ्ठी लिहून झाली की पेन खाली ठेवू नका. प्रत्येक तो-ती-ते-त्यांना याच्या डोक्यावर मनातल्या मनात नाम लिहा. मग त्याच लिंगाचं दुसरं नाम त्याच्या जागी बसवून पाहा. तेही बसलं आणि हात वेगळं काम करू लागला, तर सर्वनाम खोडा. माझ्या चिठ्ठीत हे करायला अर्धं मिनिट लागलं असतं. शेवटची ओळ अशी हवी होती: “पेटी बंद करून किल्ली डब्यात ठेव, पावती टेबलावर ठेव, आणि डबा रुमालात बांधून कपाटात ठेव.” त्या ओळीत एकही सर्वनाम नाही. मूळ ओळीत भाच्याची चूक नव्हती. मास्तरांनी ती चिठ्ठी तपासली असती, तर ‘ती’वर प्रश्नचिन्ह काढून अर्धा गुण त्यांनी माझाच कापला असता.